लेक व्ह्यू, पण कोणत्या महिन्यात? भंडारदऱ्याजवळच्या एका होमस्टेत दहा महिन्यांत १३ रात्री

एका रात्रीच्या मुक्कामावर पाच तारे देऊन मोकळं होणारी मीही होते. या घरी मात्र गेल्या जूनपासून चार वेळा जाणं झालं. जूनमध्ये दोन रात्री, ऑगस्टमध्ये तीन, डिसेंबरमध्ये तीन आणि एप्रिलमध्ये लॅपटॉप घेऊन सलग पाच. प्रत्येक वेळी घर तेच, माणसं तीच, ॲपवरची जाहिरातही तीच. पण जाहिरातीतलं खरं काय आणि खोटं काय, हे दर वेळी बदलत गेलं. घराचं नाव लिहीत नाही, कारण काही तक्रारी आहेत आणि घर चालवणाऱ्या मामा-मामींना त्यांचा त्रास होऊ नये असं वाटतं. शेंडीहून रतनवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची एक वाडी, एवढं पुरे.

सुरुवात रस्ता चुकण्यापासून. आम्ही कल्याणहून कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी करत शेंडीला पोचलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. शेंडीत रस्ता फुटतो. एक फाटा रतनवाडीकडे जातो, दुसरा घाटघरकडे, आणि मध्ये धरणाचं पाणी पसरलेलं असतं. जाहिरातीतली नकाशावरची खूण घाटघरकडच्या काठावर पडली होती. आम्ही तिच्यामागे गेलो आणि एका शेताच्या बांधावर येऊन थांबलो. समोर पाणी, पाण्यापलीकडे दोन-तीन दिवे. फोनला रेंज नाही. एका गुराख्याने हात लांब करून सांगितलं, "ते काय, ते त्यांचं घर." नाकासमोर होतं, पण गाडीने परत शेंडीला येऊन दुसऱ्या फाट्याने जावं लागलं आणि त्यात तासभर गेला. खूण चार-पाचशे मीटर सरकली तर शहरात काही बिघडत नाही, फार तर एखादी गल्ली चुकते. धरणाकाठी तेवढ्याने आख्खा काठ बदलतो. तेव्हापासून कुठेही बुकिंग केलं की मी यजमानांना एकच विचारते, "शेवटचा फाटा कुठे आणि तिथून कोणत्या हाताला?" याचं उत्तर चटकन मिळालं तर फोनवर बोलणारा माणूस खरंच तिथे राहतो.

या घराच्या बाबतीत फोनवर बोलणारा माणूस तिथे राहत नव्हता. जाहिरातीत 'होस्ट' म्हणून ज्या तरुणाचा हसरा फोटो आहे तो मामांचा भाचा. तो नाशिकला नोकरी करतो. ॲपवरचं खातं त्याचं, फोटो त्याने काढलेले, मजकूर त्याने लिहिलेला. मुलगा गुणी आहे, मेसेजला पाच मिनिटांत उत्तर देतो. पण तो गावी येतो गणपतीत आणि दिवाळीत, म्हणजे घराभोवती सगळं हिरवंगार आणि धरण काठोकाठ असतं तेव्हा. एप्रिलमध्ये विहिरीला किती पाणी आहे ते त्याला कुठून माहीत असणार? जाहिरातीतल्या बहुतेक चुकांचं मूळ मला इथे सापडलं. फसवायचा हेतू नव्हता, लिहिणाऱ्याने ते घर वर्षातले दोनच महिने पाहिलेलं होतं. केंद्र सरकारच्या 'बेड अँड ब्रेकफास्ट' योजनेत मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहायला हवं आणि पाहुण्यांना एक ते सहाच खोल्या द्याव्यात, अशी अट आहे. कागदावर ती कोरडी वाटते. इथे मालक राहतात, पण त्यांच्या वतीने बोलणारा राहत नाही आणि एवढ्यानेही किती फरक पडतो ते मी अनुभवलं.

आता त्या 'लेक व्ह्यू'बद्दल. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही काजव्यांसाठी गेलो होतो, रात्रीच पोचलो आणि थकून झोपलो. सकाळी मुलगी ओट्यावरून ओरडली, "आई, तळं कुठंय?" जाहिरातीत अंगणाच्या कडेला निळंशार पाणी होतं. समोर होता भेगाळलेला तपकिरी उतार, त्यावर चरणाऱ्या म्हशी आणि त्यांच्याही खाली पाण्याची एक पट्टी. भाच्याने फोटो खोटा काढलेला नव्हता. प्रवरेवरचं हे धरण, १९२६ साली पुरं झालेलं विल्सन डॅम, बहुतेक वर्षी ऑगस्टच्या आसपास भरतं. मग हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात आवर्तनं सुटतात, म्हणजे खालच्या शेतीसाठी ठरावीक पाळीने पाणी सोडलं जातं, आणि महिन्या-महिन्याने काठ मागे सरकतो. उतार जिथे मंद असतो तिथे पातळी थोडी उतरली तरी काठ खूप लांब जातो. हे घर नेमकं अशा मंद उतारावर आहे. ऑगस्टमध्ये मी अंगणातून पाण्यापर्यंत पावलं मोजली तर ४० भरली. डिसेंबरमध्ये दीडशेच्या आसपास. एप्रिलमध्ये चारशेनंतर मोजणं सोडलं, कारण पुढे चिखलात पाय रुतायला लागला. मामा म्हणाले, "ताई, पाणी आमच्या दारात येतं, पण ते खालच्या उसाचं. आम्ही नुसतं राखण करतो."

म्हणून कुठल्याही धरणाकाठच्या घराचे फोटो बघताना पाण्याची कड बघा. गवत किंवा झाडं थेट पाण्याला टेकलेली असतील तर धरण भरलेलं असताना काढलेला फोटो. मध्ये मातीचा उघडा पट्टा असेल तर पाणी उतरायला लागलेलं. सगळ्याच फोटोंत गवत पाण्याला टेकलेलं असेल, तर ते सगळे एकाच आठवड्यातले समजा आणि पाहुण्यांनी टाकलेले, महिन्याची तारीख असलेले फोटो शोधा.

काजव्यांचंही तसंच. जाहिरातीतल्या फोटोत झाड सोन्याने मढवल्यासारखं दिसतं. तो फोटो कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवून, अनेक फ्रेम एकावर एक चढवून केलेला. डोळ्यांना झाड तसं दिसत नाही, पण माझ्या मते त्याहून छान दिसतं, कारण ते लुकलुकतं आणि एका झाडाने लय धरली की शेजारचं झाड तिच्यात सामील होतं. जोराचा पाऊस सुरू झाला की हा खेळ आवरतो, त्यामुळे मे अखेर ते जूनचा मध्य एवढाच काळ. शनिवारी रस्त्यावर गाड्यांचे दिवे इतके होते की काजवे दिसेनात. मामा आम्हाला रस्ता सोडून घरामागच्या बेहड्याच्या झाडांकडे घेऊन गेले, टॉर्च बंद करायला लावला आणि दहा मिनिटं गप्प उभं केलं. असं काही जाहिरातीत लिहिलेलं नव्हतं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचं प्रवेशशुल्क नाक्यावर वेगळं भरावं लागतं, हेही लिहिलेलं नव्हतं.

'कळसूबाईच्या पायथ्याशी' असं मात्र लिहिलेलं आहे. ते साफ चूक. कळसूबाईचा नेहमीचा पायथा म्हणजे बारी गाव, आणि या घरापासून तिकडे जायचं तर आधी शेंडीला यावं लागतं. इथून जवळ आहे तो रतनगड आणि त्याच्या पायथ्याचं अमृतेश्वराचं देऊळ. पण १६४६ मीटरच्या शिखराचं नाव घातलं की शोधात घर वर येतं, हे भाच्याला बरोबर कळलंय.

खोल्यांकडे येते. पहिल्या फोटोत जुनं घर आहे. मंगलोरी कौलं, सारवलेली ओसरी, लाकडी खांब. तुम्हाला मिळते ती त्याच्या मागची नवी चाळ. चार खोल्या, सिमेंटच्या भिंती, वर पत्रा, आत पीओपीचं छत, गुलाबी पडदे. मजकुरात 'पारंपरिक घरात मुक्काम' असं आहे. शब्दशः बघाल तर जेवायला आणि गप्पा मारायला त्या ओसरीवर बसता, झोपता पत्र्याखाली. ऑगस्टमध्ये पत्र्यावर पाऊस असा कोसळायचा की शेजारी झोपलेल्या नवऱ्याशी ओरडून बोलावं लागे. मला त्या आवाजात गाढ झोप लागते, आईला तिन्ही रात्री लागली नाही. एप्रिलमध्ये तोच पत्रा दुपारी बारा ते पाच भट्टी होतो. मी ओसरीवर खाट टाकून काम केलं, तिथे पंखासुद्धा लागला नाही. कौल आणि जाड भिंत काय असते ते त्या पाच दिवसांत कळलं.

चार खोल्यांतही फरक आहे, तो ॲपवर दिसत नाही कारण चारही एकाच नावाने टाकल्यात. पावसाचा मारा पश्चिमेकडून असतो. टोकाच्या चौथ्या खोलीची पश्चिमेची भिंत ऑगस्टमध्ये हात लावला तर ओली लागते, गादीला कुबट वास येतो आणि चादरी वाळतच नाहीत. मामींनी स्वतःहून चुलीजवळ सुकवलेल्या गोधड्या आणून दिल्या. गोधडीला धुराचा वास येतो, पण कुबट वासापेक्षा तो कितीतरी बरा. दुसरी आणि तिसरी खोली दोन्ही बाजूंनी झाकलेली, म्हणून कोरडी. पहिलीला स्वयंपाकघराचा आवाज पहाटे पाचपासून. पावसाळ्यात गेलात तर दुसरी किंवा तिसरी मागून घ्या. पहिल्या फेरीत मला कुणी हे सांगितलं असतं तर आईची कंबर वाचली असती.

'२४ तास गरम पाणी' हे वाक्य वाचून आता मला हसू येतं. छतावर सोलर आहे. डिसेंबरमध्ये दिवसा कडक ऊन, त्यामुळे संध्याकाळी पाणी चटका बसेल असं. पण ते टाकीतलं साठवलेलं पाणी असल्याने चार खोल्यांनी रात्री आंघोळी उरकल्या की पहाटे कोमट येतं, आणि डिसेंबरची पहाट तिथे अशी असते की कोमट पाणी म्हणजे शिक्षा. ऑगस्टमध्ये तर आठवडा-आठवडा ऊनच नाही, मग सोलर कसलं तापवणार? मामी तांब्याचा बंब पेटवतात. सकाळी सात ते नऊ, माणशी एक बादली, सांगितलं की दारात आणून ठेवतात. मला या व्यवस्थेत काही वावगं वाटत नाही. वावगं आहे ते त्या '२४ तास'मध्ये. बंबाचं पाणी असं लिहिलं असतं तर उलट लोक त्यासाठी आले असते.

एप्रिलमध्ये प्रश्न गरम पाण्याचा राहिला नाही, नुसत्या पाण्याचा झाला. विहीर तळाला गेली होती आणि टँकर एक दिवसाआड येत होता. 'अटॅच बाथरूम, शॉवर' खरं आहे, पण शॉवरला प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवली होती. कमोडच्या टाकीला पाणी बंद, बाजूला भरलेलं पिंप. मामींनी पहिल्याच दिवशी लाजत सांगितलं. मी म्हटलं, "मामी, लाजता काय, पाण्याचं काय ते आधी फोनवर सांगितलं असतं तर मी कपडे धुवायला काढलेच नसते." दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीत आलेल्या चौघांनी यावरून भांडण काढलं आणि एक तारा दिला. त्यांचं पूर्ण चुकलं असं मी म्हणणार नाही. पैसे शॉवरचे घेतले होते.

वायफाय आहे, चालतं, वीज असेतोवर. राउटर इन्व्हर्टरवर नाही. ऑगस्टमध्ये वीज एकदा सलग १४ तास गेली. एप्रिलमध्ये बहुतेक दुपारी तासभर. घरापासून ओढ्यापर्यंत चालत गेलं की मोबाइलला दोन काड्या रेंज मिळते, तीही माझ्याच कंपनीची, नवऱ्याच्या फोनला काहीच नाही. घरून काम करायला येणार असाल तर 'वायफाय आहे का' असं विचारू नका. 'वीज गेल्यावर वायफाय राहतं का' असं विचारा. मी मीटिंगा सकाळी लावल्या आणि निभावलं.

जेवणाबद्दल लिहायला मला सगळ्यात आवडेल, पण त्यातही एक गोम आहे. जाहिरातीत 'अनलिमिटेड व्हेज-नॉनव्हेज थाळी, पनीर' वगैरे आहे. शनिवारी २०-२२ जण असतात तेव्हा खरंच तेच मिळतं. बाहेरून एक आचारी येतो, लाल तर्रीचा रस्सा, पनीर, पोळ्या, गुलाबजाम. वाईट नाही, पण असं जेवण हायवेवरही मिळतं. सोमवार ते गुरुवार मामी रांधतात आणि ते जेवण वेगळंच. नागलीची भाकरी चुलीवरून थेट ताटात, सोबत खुरासणीची चटणी, हुलग्याचं कळण, आणि त्या दिवशी जी भाजी मिळेल ती. जूनमध्ये शेवळं होती. शेवळं नीट न केल्यास घशाला खाजतात, म्हणून त्यात काकडाची आंबट फळं घालतात. मामींनी मला काकडं वाटायला बसवलं आणि माझा हात थांबला की म्हणायच्या, "अजून घाला ताई, रात्री घसा धराल." ऑगस्टमध्ये कुर्डू आणि चाईचा मोहोर. डिसेंबरमध्ये हुलग्याचे शेंगोळे, त्या थंडीत तीन वेळा मागून घेतले. एप्रिलमध्ये पिठलं, कांदा, कैरी. भाज्या महाग आणि लांब, राजूरच्या बाजारातून आणाव्या लागतात. पाच दिवसांत पिठलं तीनदा झालं आणि चौथ्या दिवशी मी मुकाट्याने नूडल्स केल्या.

गावठी कोंबडा हवा असेल तर सकाळीच सांगावं लागतं. संध्याकाळी सातला सांगून नऊला ताटात आला तर तो गावठी नाही, एवढं समजून घ्या. चुलीवर तो शिजायलाच वेळ घेतो. तिखट कमी हवं असेल तर तेही सकाळीच सांगा. मुलीसाठी मामींनी वेगळं दूध-भात केलं, पैसे घेतले नाहीत.

पैशांचा घोळ मात्र पहिल्या दोन्ही वेळी झाला. ॲपवर मोठ्या अक्षरात १,५०० रुपये दिसतात आणि वर खोलीचा फोटो. आपण समजतो खोलीचे. ते माणशी आहेत, जेवणासह. ऑगस्टमध्ये आम्ही तीन मोठे आणि एक मूल. तिघांचे ४,५००, मुलीचे निम्मे ७५०, म्हणजे रात्रीचे ५,२५०, तीन रात्रींचे १५,७५०. एका कोंबड्याचे वेगळे ९००. एकूण १६,६५०, शिवाय ॲपचं शुल्क. जे मिळालं त्याला हा आकडा अवाजवी नाही. पण मी मनात खोलीचे तीन रात्रींचे साडेचार हजार धरून निघाले होते. डिसेंबरपासून मामांना थेट फोन करते. आठवड्यातल्या दिवशी माणशी १,३०० घेतात. थेट बुकिंगला एकच अडचण आहे. ॲपवर रद्द केलं तर काही पैसे परत येतात, मामांकडे ॲडव्हान्स दिलात तर तो तारखा पुढे ढकलून वापरा, परत मागू नका.

यजमानांबद्दल आत्तापर्यंत ओघात आलंच. मामा कमी बोलतात. पहिल्या दिवशी तुसडे वाटतील. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गुरं सोडायला निघाले की सोबत निघा, मग तोंड उघडतात. कोणत्या उंबरावर काजवे आधी दिसतात, धरण भरताना कोणता दगड बुडला की सांडवा सुरू होतो, सगळं. मामी पाहुण्यांत स्वतः जेवायला बसत नाहीत. मी दोनदा आग्रह केला, मग थांबले. त्यांना त्याने अवघडायला होत होतं. आईचे गुडघे दुखतात हे त्यांनी न सांगता ओळखलं आणि ओट्याच्या तीन पायऱ्यांजवळ रात्री एक काठी ठेवली. सून बारावी झालेली आहे, फोन उत्तम चालवते आणि ॲपचं खातं तिच्याकडे का नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

एप्रिलमध्ये निघताना तेच बोलले. भाच्यालाही फोन लावला. खूण योग्य काठावर हलवा, दर 'माणशी' असं लिहा, '२४ तास' काढा, आणि मे महिन्याचा एक फोटो टाका. पहिली दोन कामं त्याने त्याच आठवड्यात केली. '२४ तास' अजून आहे. मे महिन्याच्या फोटोला मात्र तो तयार नव्हता, "मग कोण येईल ताई?" म्हणाला. तेवढ्यात सुनेने फोन घेऊन अंगणातून खाली उतरत्या म्हशींचा, भेगाळलेल्या उताराचा आणि मागे रतनगडाचा फोटो काढला. छान आलाय. तिने तो मला पाठवलाय. जाहिरातीत अजून आलेला नाही. नोव्हेंबरसाठी मी तिसरी खोली सांगून ठेवली आहे.